जुन्या मोझॅकवर नवी लादी : माल की केमिकल?

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

दिवाळी संपली, फराळाचे डबे रिकामे झाले आणि आईने फरशीचा विषय पुन्हा काढला. डोंबिवलीचं घर, दुसरा मजला, लिफ्ट नाही. इमारत १९८८ची, फरशी तेव्हाचीच: दहा इंची मोझॅक, करड्या सिमेंटमध्ये पांढरे-काळे संगमरवरी दाणे. काही ठिकाणी दाणे निघून खड्डे पडलेत, त्यात पुसण्याचं पाणी साचतं. नव्या लाद्या ठरल्यात: दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड, ९ मिमी जाड. हॉल आणि पॅसेज मिळून १७० चौरस फूट, स्वयंपाकघर ८०, मागची खोली ११० आणि तिला जोडून खोलीत घेतलेली बाल्कनी ३५. एकूण ३९५ चौरस फूट, म्हणजे साधारण ३७ चौरस मीटर.

जुनी फरशी फोडायची नाही एवढं पक्कं आहे. आई काम चालू असताना इथेच राहणार, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सरकत. खालच्या मजल्यावर आजारी माणूस आहे. शिवाय पॅसेजच्या लादीखालून जुनी जीआयची पाइपलाइन गेली आहे, तिला छिन्नी लागली तर कुठवर निस्तरायचं ते सांगता येत नाही.

तेव्हा प्रश्न एवढाच उरला की जुन्यावर नवी बसवायची ती कशाने: माल, म्हणजे सिमेंट-वाळूचं मिश्रण, की केमिकल, म्हणजे लादी चिकटवायची पिशवीतली तयार पूड. मिस्त्री आज पाहून गेले. म्हणाले, "ताई, दीड इंच माल टाकतो, वर सिमेंटची रबडी, त्यावर लादी. तीस वर्षं हेच करतोय." दुकानदार म्हणतो, केमिकलशिवाय व्हिट्रिफाइड बसवूच नका. दोघांनाही आपापला माल खपवायचा आहे असं म्हणून सोडून देता येईल, पण तसं नाही. मिस्त्रींचं एक वाक्य खरं आहे आणि तेच मला अडवतंय: "केमिकल खालची फरशी सरळ असेल तर. ही सरळ आहे का ते आधी बघा."

६ नोव्हेंबर

बघितली. अख्खा दिवस गेला.

पारदर्शक नळीत पाणी भरून हॉलचा उतार मोजला. दाराजवळ सगळ्यात उंच, खिडकीजवळ ९ मिमी खाली. चौदा फुटांत नऊ मिलिमीटर. मी घाबरले, मिस्त्री फोनवर हसले. त्यांचंच बरोबर होतं. उतार असणं वेगळं आणि खळगा असणं वेगळं. सगळी फरशी एका अंगाने कललेली असेल तर लादीही तशीच कलते, खाली पोकळी राहत नाही, आणि चौदा फुटांत नऊ मिमी डोळ्याला कळतही नाही. लादीला अडचण होते ती उंचवटा किंवा खळगा असला की, कारण दोन फुटांची ताठ लादी त्यावर झोपाळ्यासारखी टेकते.

म्हणून दुसरं मोजमाप. सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी फरशीवर उभ्या कडेने ठेवायची आणि खाली फट दिसते तिथे ड्रिलचे बिट सरकवून बघायचे. ३ मिमीचा बिट आत गेला नाही तर उत्तम. गेला तर ५चा, मग ६चा. पट्टी आडवी, उभी, तिरपी फिरवत खडूने आकडे फरशीवरच लिहिले. हॉलमध्ये बहुतेक जागी ३चा बिट अडकतो. मधोमध, पंख्याच्या खाली, ताटाएवढ्या भागात ६चा आरामात जातो. आईला विचारलं तर म्हणाली, तिथे वर्षानुवर्षं उखळ होतं. उखळाने खड्डा पडला की खड्डा होता म्हणून उखळ ठेवलं, यावर आमचं एकमत झालं नाही.

मागची खोली हॉलपेक्षा चांगली. पण तिची बाल्कनी! उंबरठ्यालाच खोलीपेक्षा २८ मिमी खाली आणि बाहेरच्या कडेला ४६. पावसाचं पाणी जावं म्हणून दिलेला तो उतार, नंतर ग्रील आणि काच लावून बाल्कनी खोलीत घेतली तरी तसाच राहिला.

८ नोव्हेंबर

आज ठोकाठोकी. लाकडी लाटण्याच्या टोकाने प्रत्येक मोझॅक लादी वाजवली. घट्ट लादी टणक, बारीक वाजते. खाली सुटलेली असेल तर बद्द आवाज येतो, आणि हात टेकवून वाजवलं तर हलकी थरथर हातालाही कळते. बद्द लादीवर खडूची फुली.

हॉलमध्ये चार फुल्या, सगळ्या दूरदूर. मागच्या खोलीत दोन. स्वयंपाकघरात मात्र ओट्याखालच्या मोरीपासून फ्रिजपर्यंत फुल्याच फुल्या, सलग एकवीस. दोन लाद्या पायानेच डुगडुगतात. मोरीचं पाणी वर्षानुवर्षं सांध्यांतून उतरून खालचा माल भुसभुशीत झाला असणार.

हे महत्त्वाचं आहे, कारण नवी लादी कितीही घट्ट चिकटवली तरी ती चिकटते जुन्या लादीला. जुनी लादीच सुटलेली असेल तर दोघी मिळून हलणार.

९ नोव्हेंबर

कागद-पेन्सिल घेऊन वजन आणि उंची काढली.

मालाचं वजन घनमीटरला साधारण २००० किलो. दीड इंच, म्हणजे जवळपास ४० मिमी थर धरला तर चौरस मीटरला ८० किलो. ९ मिमी व्हिट्रिफाइड लादी २१ किलो. म्हणजे जुनी फरशी तशीच ठेवून वर चौरस मीटरला १०० किलो. घरातल्या माणसांचा आणि सामानाचा भार म्हणून रहिवासी खोल्यांच्या स्लॅबला आपल्याकडे चौरस मीटरला २०० किलो धरतात. त्यातला निम्मा आपण कायमचा बसवून टाकणार. सगळ्या घरात मिळून नुसता मालच तीन टन, तोही दोन जिने डोक्यावरून.

केमिकलचा थर ४ ते ५ मिमी. पूड चौरस मीटरला ६-७ किलो लागते. लादीसकट २८ किलो. फरक साडेतीन पटींहून जास्त.

उंचीचं गणित तर याहून वाईट निघालं. मालाने फरशी ४९ मिमी वर येईल, केमिकलने १४. न्हाणीघराचा उंबरा आजच्या फरशीपेक्षा २५ मिमी उंच आहे. केमिकल वापरलं तर त्यातले ११ उरतात. मालात बसवली तर घराची फरशीच उंबऱ्यापेक्षा इंचभर वर जाईल, मग उंबरा कसला? दारं दोन्हीकडे कापावीच लागतील, पण १४ मिमीसाठी सुतार एका दुपारी तीन दारं रंधून देतो. ४९ मिमीला मुख्य दाराचा खालचा आडवा दांडाच निम्मा जाईल.

पैशांत मोठा फरक नाही याचं नवल वाटलं. माल केला तर ११ पोती सिमेंट, अर्ध्या ब्रासच्या वर वाळू आणि ती वर चढवायची मजुरी धरून दहा हजारांच्या घरात. केमिकलच्या २० किलोच्या १५ पिशव्या ९,३००, अधिक जुनी फरशी घासायचे चार हजार. तीन-साडेतीन हजारांचाच फरक.

हे सगळं केमिकलच्या बाजूने आहे. पण चिकटणार का, हा प्रश्न अजून तसाच.

१० नोव्हेंबर, रविवार

कागदावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवून चाचणी लावली. मागच्या खोलीत कपाटाखाली येणाऱ्या जागेत नव्या लादीचे फूटभराचे तीन तुकडे.

आधी थेंबाची परीक्षा. मोझॅकवर पाण्याचा थेंब टाकला तर तो मण्यासारखा उभा राहिला, पाच मिनिटांनीही तसाच. छत्तीस वर्षांत किती वेळा पॉलिश झालं आणि मेण लागलं कोण जाणे. मग ग्राइंडरला डायमंड कप लावून दोन फूट जागा घासली, वरची चकाकी पूर्ण गेली, फरशी मॅट आणि फिकट झाली. झाडून, ओल्या फडक्याने पुसून वाळू दिली. आता थेंब टाकला तर लगेच पसरला आणि मिनिटाभरात काळपट डाग होऊन जिरला.

तुकडा क: घासलेल्या भागावर, मिस्त्रींच्या पद्धतीने. फरशी ओली करून सिमेंटचं पाणी, एकास पाच माल, वर रबडी, लादी पाण्यात भिजवून बसवली. त्यांच्याच हाताने, म्हणजे नंतर वाद नको.

तुकडा ख: केमिकल, पण न घासलेल्या भागावर. फक्त साबणाने धुऊन पुसलं. दुकानदार म्हणाला होता की धुतलं तरी चालतं.

तुकडा ग: तेच केमिकल, घासलेल्या भागावर.

केमिकल घेताना पिशवी उलटून बघितली. आयएस १५४७७ हा लादीच्या केमिकलचा भारतीय मानक क्रमांक हवा, आणि व्हिट्रिफाइड लादीसाठी, जुन्या लादीवर चालेल असं कंपनीने स्वतः छापलेलं हवं. काही पिशव्यांवर युरोपी पद्धतीची खूण असते, त्यात सी-२ म्हणजे चौरस मिलिमीटरला किमान १ न्यूटनची पकड, सी-१ म्हणजे त्याच्या निम्मी. सगळ्यात स्वस्त पिशवी साध्या सिरॅमिक लादीसाठी होती, ती मी परत ठेवली.

आठवडाभर हात लावायचा नाही. 'क'वर रोज पाणी मारायचं. मिस्त्री जाताना म्हणाले, "मुलाचं लग्न ठरवतानाही एवढं बघत नाहीत."

१३ नोव्हेंबर

सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं आहे (तीस वर्षांवरच्या इमारतीला ते करावंच लागतं), त्यामुळे ते इंजिनिअर आमची इमारत ओळखतात. बाल्कनीसाठी त्यांना बोलावलं. माझा बेत होता की बाकी घर केमिकलने, आणि बाल्कनी तेवढी मालाने भरून खोलीच्या पातळीत आणायची. पस्तीस चौरस फुटांचा तर प्रश्न.

त्यांनी नुसती मान हलवली. बाल्कनीचा स्लॅब भिंतीतून बाहेर आलेला, एकाच बाजूने धरलेला. घरातला सगळ्यात नाजूक तुकडा तोच, आणि नेमका तिथेच मी सगळ्यात जाड थर टाकायला निघाले होते. २८ ते ४६ म्हणजे सरासरी ३७ मिमी भरावा लागेल. ७४ किलो मालाचे, २८ लादी आणि केमिकलचे, मिळून चौरस मीटरला १०२. सव्वातीन चौरस मीटरला सव्वातीनशे किलोंच्या वर, आणि त्यातलं सगळ्यात जास्त बाहेरच्या कडेला, जिथे ते सगळ्यात जास्त जाचतं.

मी म्हटलं, मग तिथलं मोझॅक फोडून काढू, तेवढं वजन कमी होईल. त्यांनी माझ्याच वहीत गणित करून दाखवलं. मोझॅक आणि त्याखालचा माल मिळून ६० मिमी, म्हणजे चौरस मीटरला सव्वाशे किलो निघतील. पण मग तो ६० मिमीचा खड्डाही भरावा लागेल. बेरीज-वजाबाकी करून वर चढणारं वजन जवळपास तेवढंच, शंभराच्या आत-बाहेर. शिवाय फोडताना ब्रेकरचे हादरे त्याच स्लॅबला. फोडून काहीच मिळत नाही हे मला आधी सुचायला हवं होतं.

"पायरी राहू द्या," ते म्हणाले. "उतार आहे तसा ठेवा, वर फक्त केमिकलने लादी." अख्ख्या बाल्कनीचं मिळून ९० किलोंत काम होतं.

आईला हे अजिबात पटलं नाही. घर एकसारखं व्हावं म्हणून तर सगळं काढलं होतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

सात दिवस झाले. मिस्त्रींना मुद्दाम बोलावलं, तुकडे त्यांच्याच हाताने काढायला.

'क'च्या सांध्यात रुंद छिन्नी घालून दोन ठोके मारले. लादी अख्खी, जशीच्या तशी उचलली गेली. तिची पाठ इतकी स्वच्छ होती की धुऊन पुन्हा वापरता आली असती. खाली रबडीचा थर राहिला, त्यावर लादीच्या पाठीची चौकटीची नक्षी उमटलेली, हात फिरवला तर काचेसारखा गुळगुळीत. मिस्त्री बराच वेळ ती नक्षी बघत बसले. मग त्यांनी मालाच्या थराखाली छिन्नी घातली. तोही कडेने खरवडत, पण तुकड्या-तुकड्याने निघाला. घासलेल्या मोझॅकला त्याने थोडंफार धरलं होतं. म्हणजे माल जुन्या फरशीवर जेमतेम, आणि लादी मालावर जवळजवळ नाहीच.

कारण लादीत आहे. जुनी सिरॅमिक लादी पाणी पिते, रबडीतलं सिमेंट त्या पाण्याबरोबर तिच्या छिद्रांत शिरतं आणि तिथेच घट्ट होतं. मिस्त्रींची तीस वर्षं बहुतेक तशाच लाद्यांवर गेली. व्हिट्रिफाइड लादी अर्धा टक्काही पाणी शोषत नाही. सिमेंटला शिरायला जागाच नाही. भिजवून काही उपयोग नाही, उलट पाठीवर पाण्याचा पापुद्रा राहतो. केमिकलमध्येही सिमेंट आणि वाळूच असते, पण त्यात पॉलिमरची पूड असते. सुकताना तिचा चिवट पापुद्रा तयार होतो आणि तो गुळगुळीत पाठीलाही धरतो. दुसरा एक घटक पाणी धरून ठेवतो, म्हणून चार मिलिमीटरच्या थरातलं सिमेंट वाळून जायच्या आत पक्कं होतं. साध्या मालाचा एवढा पातळ थर जुन्या फरशीने शोषून भुसा करून टाकला असता.

मग 'ख'. मला वाटलं होतं हा टिकेल. तिसऱ्या ठोक्याला कर्रर्र असा आवाज आला आणि लादी केमिकलसकट उठली. यावेळी लादीच्या पाठीला केमिकल गच्च होतं, पण केमिकलची खालची बाजू चकचकीत, तिच्यावर मेणाचा मळकट पिवळा थर. फरशीला त्याने धरलंच नव्हतं, मेणाला धरलं होतं.

'ग' निघाला नाही. लादी फुटली. कोपऱ्यापासून तुकडे उडाले, तळहाताएवढा तुकडा हातात आला त्याच्या पाठीला केमिकल आणि केमिकलला मोझॅकचे पांढरे दाणे चिकटलेले. जुन्या लादीचा पृष्ठभागच उपटून आला होता. उरलेला शेवटपर्यंत काढला नाही, कपाटाखाली राहू दे म्हटलं.

मिस्त्रींनी तो दाणेवाला तुकडा खिशात टाकला. कुणाला दाखवायला, ते बोलले नाहीत.

१८ नोव्हेंबर

ठरलं ते असं. हॉल, पॅसेज, मागची खोली: फरशी पूर्ण घासायची, बद्द लाद्या काढून खड्डे भरायचे, वर केमिकल. बाल्कनी: घासून केमिकल, पायरी राहणार. स्वयंपाकघर: फुल्यांचा पट्टा तेवढा फोडायचा आणि तिथे माल टाकायचा, पण जुन्या फरशीच्या पातळीपर्यंतच. जेवढा निघाला तेवढाच आत, त्यामुळे वजन वाढत नाही. तो माल पक्का झाल्यावर त्यावरही लादी केमिकलनेच.

'माल की केमिकल' असा माझा मथळाच चुकला होता म्हणायचा. खड्डा भरायला माल लागतो. केमिकलने १५-२० मिमी भरायला गेलं तर ते आकसतं आणि लादी खाली ओढतं, शिवाय खर्च वेगळा. आणि लादी धरायला केमिकल लागतं. मिस्त्रींच्या पद्धतीत दोन्ही कामं एकच थर करतो, आणि छिद्रं असलेल्या लादीला तो करतही होता.

२० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. मिस्त्री गावी. काल सगळं घासून झालं. ग्राइंडरला व्हॅक्यूमची नळी जोडूनही पंख्याच्या पात्यांवर पांढरी साय आली आहे. ही धूळ सिमेंट-दगडाची, छातीला वाईट. साधा रुमाल बांधून बिगारी बसला होता, त्याला बळेच मास्क घालायला लावला. आज मी प्रत्येक खोलीत दहा-बारा ठिकाणी थेंब टाकून बघितले. पॅसेजमध्ये भिंतीलगत चार इंचांची पट्टी कपने घासलीच गेली नव्हती, तिथे मणी उभे राहिले. हाताने घासायची आहे.

२२ नोव्हेंबर

स्वयंपाकघराचा पट्टा फोडला. खालचा माल ओला नव्हता, पण हातात घेतला तर वाळूच. आधी मोरीची जाळी आणि पाइपचा सांधा बदलून घेतला, नाहीतर पुढच्या दहा वर्षांनी हेच. खड्डा धुतला, सिमेंटमध्ये लॅटेक्सचं पाणी मिसळून स्लॅबला ब्रशने फासलं आणि ते ओलं असतानाच एकास चार माल भरून पट्टीने दोन्ही बाजूंच्या मोझॅकला मिळवला. वरून रंध्याने खरबरीत ठेवला, घोटला नाही. सात दिवस पाणी, मग आठवडाभर सुकणं. स्वयंपाकघर ७ डिसेंबरआधी नाही. आई गॅलरीत शेगडी मांडून बसली आहे.

हॉलमधल्या चार सुट्या लाद्यांची भोकं आणि उखळाचा खळगाही भरून घेतला.

२८ नोव्हेंबर

हॉलला सुरुवात. मिस्त्रींनी घमेल्यात पूड टाकून वर पाणी ओतायला घेतलं, थांबवलं. आधी पाणी, मग पूड. पिशवीवर लिहिलेलं पाणी मापाच्या जगने, अंदाजाने नाही. ड्रिलला पाखी लावून घोटायचं, दहा मिनिटं तसंच ठेवायचं, परत घोटायचं. घट्ट श्रीखंडासारखं व्हायला हवं. थापीवर घेऊन उलटी केली तरी पडलं नाही.

"यात थोडं सिमेंट टाकू का, पुरवठ्याला येईल." नाही. सिमेंट घातलं की पॉलिमरचं प्रमाण उतरतं, आणि आपण पैसे त्याचेच दिलेत.

दुसरी सवय लाडवांची. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक गोळा ठेवून लादी दाबायची. काम भराभर होतं, पण गोळ्यांच्या मधल्या जागेत हवा. त्या जागी पलंगाचा पाय आला की लादी तडकते. दहा मिमी दात्यांची थापी आणली होती. आधी सपाट बाजूने फरशीवर दाबून एक पातळ थर, मग दात्यांनी एकाच दिशेने सरळ रेघा. गोल-गोल नक्षी नाही, कारण गोल रेघांत हवा अडकते. लादीच्या पाठीवरची पांढरी पूड पुसून तिथेही सपाट बाजूने पातळ हात. मग लादी ठेवून रेघांना आडवी थोडी मागे-पुढे सरकवायची. रेघा पडतात, हवा कडेने निघते. २ मिमीचे स्पेसर. भिंतीपासून सगळीकडे ६ मिमी जागा सोडली, स्कर्टिंगखाली ती झाकली जाते. तापमानाने लादी फुगली तर तिला सरकायला तेवढीच जागा. ती नसली तर एखाद्या दिवशी मधल्या दोन लाद्या तंबूसारख्या वर उठतात.

पहिली लादी बसवून पाच मिनिटांनी मी ती उचलायला लावली. मिस्त्रींचा चेहरा बघण्यासारखा होता. पाठीवर केमिकल जवळजवळ पूर्ण, एका कोपऱ्यात बोटभर कोरं. कोरड्या खोलीत ८० टक्के लागलेलं पुरतं, मोरीजवळ ९५ तरी हवं. पुन्हा बसवली. यापुढे दर पंधरा लाद्यांनी एक उचलायची असं ठरलं.

२९ नोव्हेंबर

आज चूक झाली, आणि ती माझीही. मिस्त्रींनी चार लाद्यांची जागा सारवली आणि चहा आला. वर पंखा चालू होता, मीच लावला होता उकडतं म्हणून. पंचवीसेक मिनिटांनी येऊन त्यांनी त्या चारही बसवल्या, रबरी हातोड्याने ठोकल्या, वरून झकास दिसल्या. माझी पंधरावी लादी नेमकी त्यांतली. उचलली तर हलक्या हाताने वर आली. फरशीवर केमिकलच्या रेघा तशाच उभ्या, पाठीवर कंगवा फिरवल्यासारख्या नुसत्या फिकट खुणा. वर साय धरली होती. वरून हे कुठल्याच डोळ्याला कळलं नसतं.

चारही काढल्या, केमिकल खरवडून फेकलं. पाणी शिंपडून ते पुन्हा जिवंत होत नाही. मिस्त्रींनी तेवढ्यात बिगाऱ्याला दिलेला पाण्याचा मग मी परत मागून घेतला. आता नियम: पंखा बंद, एका वेळी एकाच लादीची जागा, आणि लादी ठेवण्याआधी रेघेला बोट लावायचं. बोटाला लागलं तर ठेवा, नाही लागलं तर खरवडा. दुपारनंतर मिस्त्री स्वतःच बोट लावून बघत होते आणि मला दाखवत होते.

४ डिसेंबर

हॉल, पॅसेज, मागची खोली झाली. बाल्कनीच्या पायरीला काळ्या ग्रॅनाइटची पट्टी, कड गोल करून घेतलेली, म्हणजे उतार कुठे सुरू होतो ते पायाआधी डोळ्याला दिसेल. आईने पट्टीवर दोनदा चढून-उतरून बघितलं. म्हणाली, तुळस आता इथेच ठेवते, पाणी आपोआप बाहेर जाईल.

९ डिसेंबर

स्वयंपाकघर काल-परवा पूर्ण. नवा माल आणि जुनं मोझॅक जिथे मिळतात त्या रेषेची काळजी होती, कारण दोन वेगळे थर वेगवेगळे हलतात आणि वरची लादी त्याच रेषेत तडकते. म्हणून लाद्यांची मांडणी हॉलच्या ओळींपासून थोडी सरकवून सांधा त्या रेषेवर आणला आणि तिथे सिमेंटच्या ग्राउटऐवजी लवचिक सीलंट भरलं. दिसायला अर्धी लादी कापून लावल्यासारखं दिसतं. फ्रिजखाली येतं, चालेल.

केमिकल चौदा पिशव्या संपल्या. पंधरावीतली अर्धी स्कर्टिंगला.

१२ जानेवारी २०२५, रविवार

थंडीची सकाळ, फरशी गार, म्हणून आज वाजवली. तेच लाटणं. हॉलच्या आणि मागच्या खोलीच्या सगळ्या लाद्या टणक. चहाच्या वेळच्या चारही. मुख्य दाराजवळच्या दोन लाद्यांचे एकेक कोपरे मात्र बद्द वाजतात, साधारण चार बोटं रुंद. तिथे जुन्या फरशीची कड थोडी खाली उतरलेली आहे, पट्टी दारापर्यंत पोहोचली नव्हती आणि मी ती जागा मोजलीच नाही. वजन पडत नाही, सांध्यात चीर नाही, म्हणून आत्ता उचलत नाही. दोन्ही कोपऱ्यांच्या सांध्याला पेन्सिलीने तारीख घातली आहे आणि पोकळीची हद्द आखली आहे. एप्रिलच्या उन्हाळ्यात पुन्हा वाजवून ती हद्द वाढली का ते बघायचं.